मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवलेलं कच्चं चिकन-मटण: दिवस कुठून मोजायचे आणि काय कधी घालायचं

चिकन किंवा मटणाला मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवलं की बहुतेकांचा हिशोब मसाला लावल्यापासून सुरू होतो. "कालच तर मॅरिनेट केलंय, उद्यापर्यंत आरामात राहील," असं म्हणताना ते मांस त्याआधी दोन दिवस फ्रीजमध्येच पडून होतं, हे लक्षातून निसटतं. मसाल्याने मांसाचं आयुष्य वाढत नाही. दही, मीठ, हळद, लसूण यांनी ते टिकाऊ होतं हा समज लोणच्यावरून आलेला असावा. लोणच्यात मीठ, आम्ल आणि तेल यांचं प्रमाण इतकं असतं की जंतूंना वाढायला वावच राहत नाही. आपण एक किलो मांसाला दोन चमचे मीठ लावतो, त्याने चव येते, राखण होत नाही.

म्हणून पहिला नियम असा: मांस घरी आणलं तेव्हापासून मोजायचं. फ्रीज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड असेल, तर कच्चं चिकन एक ते दोन दिवस आणि मटणाचे तुकडे तीन ते पाच दिवस. खिमा आणि कलेजी मटणाची असली तरी चिकनसारखीच धरायची, म्हणजे एक ते दोन दिवस. खिम्याचं कारण सोपं आहे. अख्ख्या तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, खिमा करताना तोच पृष्ठभाग आत कालवला जातो. फ्रीझरमधून काढून फ्रीजमध्ये वितळवलेलं चिकन असेल, तर ते पूर्ण वितळल्यापासून मोजा, पण गोठवण्याआधी ते दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलं असेल तर त्याची मुदत आधीच संपत आलेली असते. अशा चिकनला रात्रभर मुरवायच्या फंदात पडू नये. तासभर मसाला लावून शिजवून टाकावं.

आधी फ्रीज तपासा

वरचे सगळे आकडे ४ अंशांवर उभे आहेत, आणि घरातला फ्रीज किती अंशांवर चालतोय हे फार थोड्यांना माहीत असतं. आतल्या डायलवरचे १ ते ५ किंवा १ ते ७ हे अंश नसतात. ते थंडाव्याचे टप्पे असतात आणि साधारणपणे आकडा जितका मोठा तितकी थंडी जास्त. खात्री करायची तर पेलाभर पाण्यात साधा थर्मामीटर ठेवून तो पेला रात्रभर सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. नुसत्या हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं इतक्या लवकर बदलत नाही. ७-८ अंश दिसले तर डायल पुढे सरकवा, पुन्हा रात्रभर थांबून बघा. तरीही उतरत नसेल तर त्या फ्रीजमध्ये चिकन दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका.

थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. चिकनवर सापडणारे साल्मोनेला ४ अंशांवर जवळपास वाढत नाहीत, पण जिवंत राहतात. काही जंतू मात्र थंडीतही हळूहळू वाढतात. लिस्टेरिया त्यातला एक, आणि मांसाला बुळबुळीतपणा व वास आणणारे जंतूही त्यातलेच. मांसाची मुदत एवढी आखूड ठेवण्यामागे मुख्यतः हे थंडीला न जुमानणारे आहेत.

मोठं पातेलं ही खरी अडचण

घरोघरी होणारी चूक कुठली असेल तर ही. दोन-तीन किलो मांस एका खोल पातेल्यात घेऊन मसाला लावायचा, वर झाकण ठेवायचं आणि पातेलं तसंच फ्रीजमध्ये सरकवायचं. मसाला लावता लावता मांस खोलीच्या तापमानाला आलेलं असतं. पातेल्याची कड लवकर गार होते, पण मधला गोळा थंड व्हायला कित्येक तास घेतो. सकाळी मधोमध बोट घालून पाहिलं तर कडेपेक्षा तिथे ऊब जाणवू शकते. ५ ते ६० अंशांच्या मधला काळ जंतूंसाठी सुगीचा, आणि आपण मधल्या मांसाला तो काळ रात्रभर बहाल केलेला असतो.

उपाय अगदी साधा आहे. मांस दोन-तीन उथळ डब्यांत वाटून ठेवा. डब्यातला थर तीन-चार बोटांहून उंच नको. दही फ्रीजमधून काढलेलं थंडच वापरा, वाटणही आधी गार करून घ्या. मसाला लावायचं काम अर्ध्या तासात उरकावं आणि बाजारातून आणल्यापासून फ्रीजमध्ये जाईपर्यंतचा सगळा बाहेरचा वेळ मिळून दोन तासांच्या आत असावा. उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत.

डबा काचेचा, स्टीलचा किंवा जाड प्लास्टिकचा चालतो. अॅल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं नको, कारण मीठ आणि आम्लाशी ते रात्रभरात प्रक्रिया करतं आणि धातूची चव उतरते. झिपची पिशवी सगळ्यात उत्तम. हवा दाबून काढली की मसाला चारही बाजूंनी चिकटून राहतो, आणि आडवी पसरून ठेवली की लवकर गारही होते. फक्त ती थाळीत ठेवा. पिशवी गळणार नाही असं कधीच गृहीत धरू नये. डबा असो की पिशवी, जागा सगळ्यात खालच्या कप्प्यातली, म्हणजे गळलंच तर खाली कोशिंबिरीची काकडी नसावी. दारातल्या कप्प्यात कच्चं मांस कधीच नको, तिथे तापमान सतत वरखाली होतं.

रात्रभरात आत नेमकं काय जातं

एक दिवस मुरवल्याने मसाला "आतपर्यंत" जातो असं आपण म्हणतो. खरं तर आत जातं ते मीठ. हळद, मिरची, गरम मसाला, लसणाचा वास हे सगळं वरच्या काही मिलिमीटरमध्येच राहतं, एक दिवस ठेवा की तीन दिवस. मीठ मात्र हळूहळू आत सरकतं आणि काम दाखवतं. ते कसं, हे एकदा नुसतं मीठ लावून बघण्यासारखं आहे. कोरड्या पुसलेल्या चिकनच्या मांडीला मीठ चोळून ठेवलं की पंधरा-वीस मिनिटांत वर घाम आल्यासारखे थेंब जमतात आणि खाली पाणी साचतं. ते पाहून बरेच जण ते पाणी ओतून देतात. देऊ नका. काही तासांनी बरंचसं पाणी पुन्हा आत ओढलं गेलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तुकडा वरून किंचित चिकट, घट्ट आणि आतून सारखा मिठाचा लागतो. मिठामुळे स्नायूंतली प्रथिनं थोडी सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. रसरशीतपणा येतो तो यामुळे.

प्रमाण हाडासकट एक किलोला १० ते १२ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे सपाट भरलेले दोन छोटे चमचे. बाटलीतली तयार आलं-लसूण पेस्ट वापरत असाल तर मीठ थोडं कमी करा. तिच्यात बहुतेकदा मीठ आणि आम्ल आधीच असतं, लेबलवर लिहिलेलं असतं.

मटणाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जिचं श्रेय मसाल्याला मिळतं पण ते त्याचं नसतं. ताज्या कापलेल्या मांसाचे स्नायू काही तासांत आखडतात आणि मग हळूहळू सैल पडतात. चिकनमध्ये हे काही तासांत उरकतं, मटणाला एखादा दिवस किंवा जास्तही लागू शकतो. या काळात मांसातलेच एन्झाइम तंतू सोडवत असतात, थंडीतही. म्हणजे सकाळी कापलेलं मटण त्याच दुपारी शिजवलं तर ते अनेकदा वातड लागतं आणि रात्रभर मसाल्यात ठेवलेलं लुसलुशीत होतं, यात मोठा वाटा नुसत्या विश्रांतीचा असतो. यावरून दोन निष्कर्ष निघतात. मटणाला एक दिवस द्यावा, तो सत्कारणी लागतो. आणि नुकतंच कापलेलं मटण थेट फ्रीझरमध्ये टाकू नये. आखडण्याची क्रिया पुरी व्हायच्या आत गोठलं तर वितळताना ते जोरात आकसतं, भरपूर पाणी सोडतं आणि कडक होतं. फ्रीजमध्ये एक दिवस ठेवून मग गोठवा.

दोन हप्त्यांत मसाला

एक दिवस किंवा जास्त ठेवायचं असेल तर सगळं एकदम घालायचं नाही, एवढं पाळलं तरी निम्मे घोळ टळतात. लवकर घालायच्या आणि शेवटी घालायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिल्या हप्त्यात मीठ, हळद, सुके मसाले, लसूण, थोडं आलं आणि थोडं तेल. घट्ट दहीही यात चालतं, किलोला साधारण १५० ते २०० ग्रॅम. दह्याचं आम्ल सौम्य असतं, त्यामुळे ते रात्रभर मांसाला त्रास देत नाही. पातळ आंबट दही असेल तर कापडात तासभर टांगून पाणी काढा, नाहीतर मीठ लागल्यावर डब्यात सगळं पांचट होऊन बसतं.

शेवटच्या हप्त्यात लिंबू, व्हिनेगर, कच्ची पपई, अननस. लिंबाचा रस चिकनवर रात्रभर ठेवला की पृष्ठभाग पांढरट, अपारदर्शक होतो, जणू अर्धवट शिजलाय. शिजलेला तो नसतोच. प्रथिनं फक्त आकसलेली असतात आणि खाताना ती खडूसारखी भुरभुरीत लागतात. लिंबू शेवटच्या अर्ध्या ते एक तासात पुरे. त्याने जंतू मरतात यावरही विसंबू नका, मांस स्वतःच आम्लाचा जोर बराच मारून टाकतं आणि आतल्या भागात तर ते पोचतच नाही.

कच्च्या पपईचं वेगळं. तिच्यातलं पपेन फ्रीजमध्ये सावकाश चालतं आणि खरा जोर धरतं ते गरम होताना, ६०-७० अंशांच्या आसपास. म्हणून मटणाला एक तास पपई लावली तरी पातेल्यात ती आपलं काम करतेच. चोवीस तास लावून ठेवली तर वरचा थर पिठूळ होतो, बोटाने दाबलं की लगद्यासारखा निघतो, आणि आतला भाग होता तसाच. किलोभर मटणाला सालीसकट किसलेली पपई एक मोठा चमचा, शेवटचा तास-दोन तास. चिकनला पपई लावूच नये असं माझं मत आहे, त्याला गरजच नसते. आल्यातही असंच मांस मऊ करणारं एन्झाइम असतं, फक्त एवढं जहाल नाही. म्हणून दीड-दोन दिवस ठेवायच्या चिकनला ताजं आलं हात राखून घालावं आणि बाकीचं शिजवताना.

धुण्याबद्दल: नळाखाली धुताना उडणारे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, धुतलेल्या भाजीवर जातात आणि जंतू तिथे पसरतात. शिजवण्याने जे मरणार आहे ते धुऊन पसरवण्यात फायदा नाही. रक्त, हाडाचा चुरा किंवा केस दिसत असतील तर पसरट भांड्यातल्या पाण्यात हलकेच बुडवून काढा, मग ओटा आणि सिंक साबणाने घासा. नंतर मांस कागदाने टिपून कोरडं करा. ओल्या मांसाला मसाला धरत नाही, तो खाली पाण्यात उतरतो.

शुक्रवार ते रविवार

समजा रविवारी दुपारी एक वाजता जेवायला माणसं येणार आहेत आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता दोन किलो चिकन आणि एक किलो मटण घरी आलं. रविवार दुपारपर्यंत बेचाळीस तास होतात. चिकनचे दोन दिवस रविवारी संध्याकाळी सातला संपतात, म्हणजे बसतंय, पण काठावर. मटण निवांत आहे.

शुक्रवारी रात्री आठच्या आत मटणाला मीठ, हळद, लसूण, मसाला आणि दही लावून उथळ डब्यात ठेवायचं. चिकनला फक्त मीठ आणि हळद. वीस-बावीस ग्रॅम मीठ दोन किलोला चोळून दोन पिशव्यांत आडवं पसरायचं. दही-मसाला आज नाही. कारण एवढंच की चिकनचं मीठ आत जायला वेळ हवा, मसाल्याला नको. आणि चिकन उघडं दिसत राहिलं तर शनिवारी ते तपासताही येतं.

शनिवारी सकाळी मटण वरखाली करायचं, चमच्याने. संध्याकाळी चिकनच्या पिशव्या उघडून आधी वास घ्यायचा, बोटाने चोळून बघायचं आणि ठीक असेल तरच थंड दही आणि मसाला लावून परत फ्रीजमध्ये. रविवारी अकरा वाजता मटणाला पपई, बाराच्या सुमारास चिकनला लिंबू. मटण मंद आचेवर शिजवायचं असेल तर अर्थातच हे सगळं दोन तास आधी सरकेल.

आता शनिवारी दुपारी फोन आला की जेवण मंगळवारवर गेलं. मटणाला काही करायचं नाही, चौथा दिवस चालेल, पण पाचव्यावर ढकलू नका. चिकन मात्र त्याच दिवशी फ्रीझरमध्ये गेलं पाहिजे, पिशव्या सपाट करून. रविवारी रात्री "बघू अजून एक दिवस" म्हणत गोठवण्यात अर्थ नसतो, गोठवल्याने मागचे दिवस पुसले जात नाहीत. सोमवारी सकाळी पिशव्या खालच्या कप्प्यात थाळीत काढायच्या, मंगळवारी दही-मसाला लावायचा आणि शिजवायचं. दही लावलेलं चिकनही गोठवता येतं, फक्त वितळल्यावर दही फाटल्यासारखं कणीदार दिसतं. ते खराब झाल्याचं लक्षण नव्हे.

शनिवारी रात्री वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. त्यापेक्षा जास्त वेळ गेली असेल तर थर्मामीटर बघा, आतलं तापमान दोन तासांहून जास्त ४ अंशांच्या वर राहिलं असेल तर कच्चं मांस टाकून द्या.

खराब झालंय हे मसाल्यातून कसं कळणार

इथेच मुरवलेलं मांस फसवतं. साधं चिकन बिघडलं की तीन गोष्टी सांगतात: वास, चिकटपणा, रंग. मसाला लावल्यावर वास लसूण झाकतो, चिकटपणा दही झाकतं आणि रंग हळद-मिरची. म्हणून मसाल्याच्या डब्याला वास घेऊन "ठीक वाटतंय" म्हणण्याला फारशी किंमत नाही. एक मोठा तुकडा बाहेर काढा, मसाला कागदाने पुसा आणि हाडाजवळचा, सांध्याच्या खाचेतला भाग हुंगा. बिघाड बऱ्याचदा तिथे आधी जाणवतो. दह्याचा स्वच्छ आंबटपणा वेगळा आणि कुजकट, अंड्यासारखा किंवा अमोनियासारखा झोंबणारा वास वेगळा, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. पुसलेला भाग बोटाने चोळल्यावर पुन्हा बुळबुळ येत असेल किंवा तार सुटत असेल तर संशय नको. पिशवी फुगलेली असेल, झाकण वर उचललं गेलं असेल, मसाल्यात बुडबुडे दिसत असतील, तरी टाकायचं.

मटण वरून करडं-तपकिरी झालं एवढ्यावर घाबरू नये. हवा लागून मांसाचा रंग असा होतोच. वास आणि स्पर्श ठीक असेल आणि दिवस मुदतीत असतील तर ते चांगलं आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा: वास आणणारे जंतू आणि आजारी पाडणारे जंतू वेगवेगळे असू शकतात. वास नाही म्हणून सहाव्या दिवशीचं चिकन खाण्यालायक होत नाही. "नीट शिजवलं की सगळं मरतं" हेही अर्धंच खरं आहे. जंतू मरतात, पण काही जंतूंनी, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकसने, मांस उबेत राहिलेलं असताना तयार केलेलं विष शिजवूनही जात नाही.

शिजवताना

फ्रीजमधलं थंड मांस थेट पातेल्यात गेलं तरी चालतं. वीस मिनिटं बाहेर ठेवायला हरकत नाही, तासन्‌तास ठेवायला आहे. चिकनचा सगळ्यात जाड भाग, हाडाला न टेकता, ७४ अंशांपर्यंत जायला हवा. दही-हळद लावलेल्या चिकनचा रंग बाहेरून लवकर तांबूस होतो आणि आत कच्चं राहतं, त्यामुळे तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजताना रंगावर जाऊ नका. थर्मामीटर नसेल तर मांडीच्या हाडापर्यंत सुरी घालून बघा, मांस गुलाबी किंवा कच्चं नसावं. तेवढ्यानेही शंभर टक्के खात्री होत नाही, म्हणून मोठे तुकडे भाजायचे असतील तर थर्मामीटर घेतलेला बरा. मटणाचे तुकडे मऊ होईपर्यंत शिजतात तोवर ते सुरक्षित मर्यादेच्या बरेच पुढे गेलेले असतात. तिथे काळजी फक्त खिम्याची, त्याला ७१ अंश हवेत.

डब्यात उरलेला मसाला रश्शात घालायचा असेल तर सुरुवातीलाच घाला, म्हणजे तो मांसाबरोबर खळखळून उकळेल. भाजताना वरून लावायला मसाला हवा असेल तर मांस बुडवण्याआधीच वाटीभर बाजूला काढून वेगळा ठेवा. कच्च्या मांसातला ब्रश शिजलेल्या तुकड्यांवर फिरवू नका, आणि ज्या थाळीत पिशवी ठेवली होती तीच वाढायला घेऊ नका. ती थाळी आणि डबा गरम पाणी आणि साबणाने धुवा. झिपची पिशवी धुऊन पुन्हा वापरायचा मोह होतो, पण कच्च्या मांसाची पिशवी टाकूनच द्यावी. तिचे कोपरे आणि झिपची खाच कधीच नीट निघत नाही.